कवडीच्या कापसाचं घर

माझी आई घाटंजीच्या बाजारात कवडीचा कापूस विकत घ्यायची. हे मी आता कोणी न विचारताही सांगते. लग्नकार्यात, कोर्टात, बसच्या रांगेत, कुठंही. माझ्या मोठ्या भावाला ते बरीच वर्षं जड गेलं. बी. कॉम. झाल्यापासून तो सांगायचा, ‘आई शेती पाहते.’ शेती होती, नाही असं नाही. तीन एकर कोरडवाहू, दगडगोट्यांची. तिच्याकडे पाहायलाच माणूस लागायचा, तिनं आमच्याकडे कधी पाहिलं नाही.

कवडी म्हणजे काय ते कापसाच्या मुलखाबाहेरच्यांना सांगावं लागतं. बोंडाला कीड लागली की ते नीट फुलत नाही. आतला कापूस पिवळट, डागाळलेला आणि घट्ट राहतो. असा कापूस गाडीत दिसला की खरेदी केंद्रावरचा ग्रेडर सगळी गाडी बाजूला लावायचा. म्हणून वेचणाऱ्या बाया चांगला कापूस ओटीत टाकायच्या आणि कवडी वेगळ्या फडक्यात बांधायच्या. ते फडकं बरेच शेतवाले बायांनाच देऊन टाकायचे. बाजाराच्या दिवशी ती फडकी माझ्या आईपुढे येऊन पडायची. आई कवडी अंगणात वाळवायची, काठीनं झोडपायची, घट्ट गोळे बोटांनी फोडायची आणि कचरा निवडून पोती पांढरकवड्याच्या गादीवाल्यांकडे पाठवायची. नाकातोंडाला पदर बांधून ती अंगणात बसली की आम्हाला ओळखू यायचे ते फक्त तिचे डोळे.

बाबा लवकर गेले. त्यानंतर आईनं आम्हा दोघांना वाढवलं ते या धंद्यावर, आणि घरही बांधलं ते याच धंद्यावर. एका हंगामानंतर दोन खोल्या, पुढच्या हंगामानंतर स्वयंपाकघर, मग न्हाणी, मग वर स्लॅब. दर वेळी वीट वेगळ्या भट्टीची यायची, कारण जिथं स्वस्त मिळेल तिथून आई आणायची. भिंतीला गिलावा झाला तोवर मी वकिलीची परीक्षा पास झाले होते. घर आईच्या नावावर होतं. त्यावर नंतर दादानं एक खोली चढवली, रंगीत फरशीची, मोठ्या खिडकीची. गावातल्या लोकांनी त्या खिडकीकडे मान वर करून पाहिलं, आणि दादाला तेच हवं होतं.

दादा तेव्हा पांढरकवड्याकडच्या रस्त्यावरच्या, कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होता. जिनिंगच्या मालकानं गोदामातल्या गाठी बँकेकडे तारण ठेवून कर्ज उचललं होतं. बँकेचे लोक अचानक तपासणीला आले तेव्हा समोरच्या दोन ओळी गाठींच्या निघाल्या आणि मागं मोकळी जागा. साठ्याच्या पत्रकांवर दर महिन्याला सही दादाची. फसवणूक आणि बनावट कागदांचा गुन्हा दाखल झाला, दादाला अटक झाली, पुढं जामीन मिळाला. आम्हाला वाटलं, आता जे काय व्हायचं ते यवतमाळच्या कोर्टात होईल.

झालं नाही तसं. फसवणुकीचा गुन्हा मनी लाँडरिंगच्या कायद्याच्या यादीत बसतो, म्हणून केंद्राचं तपास खातं आलं. त्यांना कोणी कोणाला फसवलं यापेक्षा फसवून आलेला पैसा कुठं गेला यात रस असतो. मालकाची मिल, बंगला, गाड्या यांच्याबरोबर त्यांनी हिशेबनिसाच्या घराचीही चौकशी केली. सहीबद्दल दादाला मालकाकडून रोख हिस्सा मिळाला आणि तो त्यानं आईच्या नावावरच्या घरात मुरवला, असं त्यांचं म्हणणं होतं.

नागपूरला दादाचा जबाब झाला. घर कशातून बांधलं, असं विचारल्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते आमच्या जिल्ह्यात दहातले नऊ जण देतात: शेतीच्या उत्पन्नातून. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पावत्या कोणी ठेवत नाही, कुठलाही कर सल्लागार डोळे मिटून तोच रकाना भरतो. वर्षानुवर्षं सगळे त्या एका छपराखाली उभे राहिलेले. दादाही जाऊन उभा राहिला. कवडी हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही.

समोरच्या अधिकाऱ्यानं तलाठ्याकडचे पंचनामे आधीच मागवून ठेवले होते. ज्या वर्षांत आमच्या शेतानं घर बांधलं असं दादा सांगत होता, त्यातल्या दोन वर्षांत त्याच शेतातलं पीक गेलं म्हणून आईच्या खात्यात सरकारी मदत जमा झालेली. ते सगळे कापसाचे वाईट दिवस होते, अख्ख्या तालुक्याचे पंचनामे झाले होते. जे शेत बुडालं म्हणून मदत घेतली, त्याच शेताच्या पैशातून स्लॅब कसा टाकला, असं त्यानं विचारलं.

थोड्याच दिवसांत डाकेनं जप्तीचा हुकूम आला. घर गुन्ह्याच्या पैशातून उभं राहिलं असं मानायला कारण आहे, आणि ते कारण म्हणून दादाचंच उत्तर लिहिलेलं: शेतीचा खुलासा खोटा आढळला. मी तो हुकूम ओट्यावर बसून वाचला आणि दादाच्या नावानं जे काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आईनं विचारलं, “मंग आता बाहेर काढतीन का आपल्याले?”

“आता नाही,” मी म्हटलं. “ही तात्पुरती जप्ती आहे. राहू देतात. विकता येत नाही, कोणाला देता येत नाही. एकशे ऐंशी दिवसांच्या आत दिल्लीच्या प्राधिकरणानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं तर ती पुढं चालते, नाही तर उठते.”

“पन मी काय केलं? मायं नाव कायले आलं त्याच्यात?”

तिच्यावर आरोप नव्हता. पण घर तिच्या नावावर, म्हणून दिल्लीहून नोटीस तिला आली: हे घर कोणत्या कमाईतून घेतलं ते सांगा, पुरावा द्या, आणि जप्ती कायम का करू नये याचं कारण दाखवा. मी यवतमाळला ज्या कोर्टात उभी राहायचे तिथं आरोप करणाऱ्यानं सिद्ध करायचं असतं. आरोपी गप्प बसला तरी चालतं. इथं गप्प बसलेला बुडतो. आरोपीच्या बाबतीत तर कायदा धरूनच चालतो की पैसा काळा आहे, आणि तो काळा नाही हे त्यानं दाखवायचं. आरोपी नसलेल्याच्या बाबतीतही प्राधिकरण तसं धरू शकतं. मला हे सगळं पुस्तकातून पाठ होतं. माझ्या आईला ते समजावून सांगताना मात्र माझाच आवाज चढत गेला.

आम्ही नागपूरच्या एका नामांकित वकिलांकडे गेलो. थंडगार ऑफिस, काचेचं टेबल. त्यांनी फाइल चाळली आणि सहज म्हणाले, “शेतीचा मुद्दा सोडू नका. फक्त मजबूत करा. कापूस विकल्याची बिलं एखाद्या जिनिंगवाल्याकडून करून घ्या, मागच्या तारखेची. ओळखीतलं कोणी असेलच.”

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “वकीलसाहेब, पोरगा खोट्या कागदावर सह्या करूनच अडकला ना? आता मायकडूनबी तेच करवून घेता?”

वकील हसले. “बाई, कायदा असाच आहे. सिद्ध तुम्हाला करायचंय. खरं सिद्ध होत नसेल तर जे होतं ते करायचं.”

“खरं काहून होत नाई? अजून कोणी इचारलंच नाई मले, का तुमी घर कशावर बांधलं.”

दादा खुर्चीत चुळबुळला. “आई, आता कवडीचं काढू नको. दिल्लीच्या माणसाले काय कळते? अन् इकडं तिच्या घरचे...” म्हणजे वहिनीच्या माहेरचे. त्यांना सांगितलं होतं की सासूबाई बागायतदार आहेत.

आई उठली. “तुले लाज वाटते तं तू बाहेर बस,” ती म्हणाली. “मले कधी वाटली नाई. त्याच कवडीनं तुले कॉलेज शिकवलं.”

बाहेर आल्यावर मी वकीलपत्र स्वतः घ्यायचं ठरवलं. माझी वकिली तेव्हा कोवळी होती. असा खटला मी आयुष्यात पाहिलेलाही नव्हता. पण त्या ऑफिसमधून आईच्या मागोमाग बाहेर पडताना मला एवढी हिंमत आली की लिफ्टची वाट न पाहता मी पायऱ्याच उतरले.

मग आम्ही दोघी खरं सिद्ध करायला निघालो. रोखीचा धंदा, पावती नाही, नोंद नाही. पण माणसं होती. पांढरकवड्याच्या गादीवाल्या चाचांकडे आधी गेलो. त्यांचं दुकान बसस्टँडच्या मागं, कापसाच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. आईला पाहून त्यांनी मशीन बंद केलं.

“बाई, तुमचा माल मीच घेतला इतकी वर्षं,” ते म्हणाले. “लिहून देतो. अंगठा नाही, सही करतो. कोर्टात बोलवा, येतो.” मग मला म्हणाले, “तुझी आई पोत्यात खाली ओला माल कधी घालत नव्हती. बाकी सगळे घालायचे. हेही लिही.”

मी ते प्रतिज्ञापत्रात लिहिलं. कायद्याच्या दृष्टीनं त्याची गरज नव्हती, पण लिहिलं.

मग आजूबाजूच्या खेड्यांतल्या वेचणाऱ्या बाया. कोणी जयभीम घालून पुढं आल्या, कोणी कोलामी मिसळलेल्या मराठीत बोलल्या, आणि जवळपास सगळ्यांनी एकच सांगितलं: ही बाई भाव पाडून मागायची नाही. एकीनं मला विचारलं, “तुया आईचं घर घेऊन राह्यले का वं सरकारवाले? आमी येतो ना मग समद्या. कोठं याचं हाय?” दिल्ली म्हटल्यावर ती जरा विचारात पडली, पण मागं हटली नाही. पतसंस्थेत आई दर बाजारानंतर थोडे थोडे पैसे टाकायची, तो उतारा मिळाला. नगरपरिषदेत घरपट्टीच्या आकारणीत तळमजल्याच्या प्रत्येक वाढीव खोलीची नोंद होती, आणि त्या सगळ्या नोंदी दादा जिनिंगमध्ये लागायच्या आधीच्या. गुन्हाच नंतरचा, मग त्याचा पैसा आधीच्या भिंतीत कसा जाईल?

राहिली शेतीच्या पंचनाम्यांची अडचण. ती सोडवली आईनंच, एका वाक्यात. मी डोक्याला हात लावून बसले होते आणि ती भाकरी थापत म्हणाली, “अवं, पीक बुडालं म्हणूनच तं कवडी आली. बोंडाले कीड लागली तवाच आपलं अंगण भरे. चांगल्या वर्षी कोठं येते कवडी?”

खात्यानं ज्या पंचनाम्यांवर आमचं घर जप्त केलं होतं, तेच आता आमच्या बाजूनं उभे होते. त्या दोन वर्षांत पतसंस्थेतला भरणाही सगळ्यात जास्त होता. मला त्या वेळी तिला मिठी मारावीशी वाटली आणि मी मारलीही, पिठाच्या हातांसकट.

दिल्लीला आम्ही तिघं गेलो. आई पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेली, पांढरी नऊवारी, पायात नव्या चपला. सुनावणीची खोली मी कल्पना केली होती त्यापेक्षा लहान निघाली. खात्याचे वकील हुशार होते. ते म्हणाले, कवडीची गोष्ट नंतर सुचलेली आहे, मुलाच्या जबाबात तिचा पत्ता नाही. शिवाय गुन्ह्याचा मूळ पैसा सापडला नाही तर तेवढ्या किमतीची दुसरी मालमत्ताही जप्त करता येते, मग घर कधी बांधलं याला महत्त्व काय?

मी उभी राहिले. बोलायला लागल्यावर थांबले नाही. म्हटलं, किमतीएवढी दुसरी मालमत्ता घ्यायची तर ती ज्याच्याकडे गुन्ह्याचा पैसा गेला त्याची घ्या. हे घर माझ्या अशिलाचं आहे, तिच्या कमाईचं आहे, आणि त्याच्या नोंदी गुन्ह्याच्या आधीच्या आहेत. मुलानं जबाबात कवडी का सांगितली नाही? कारण त्याला लाज वाटली. लाजेपोटी दिलेलं खोटं उत्तर हा माझ्या अशिलाविरुद्धचा पुरावा होत नाही. मग एकेक प्रतिज्ञापत्र, पतसंस्थेचा उतारा, घरपट्टी, पंचनामे असं सगळं मांडलं. ‘माझी अशील’ म्हणताना दर वेळी मला मागं बसलेली आई दिसत होती.

प्राधिकरणाच्या सदस्यांनी कागद उलटून पाहिले आणि चष्म्यावरून आईकडे नजर टाकली. हिंदीत विचारलं, “माताजी, तो पूरा मकान आपकी कमाई का है?”

मी आमच्या लेखी उत्तरात ‘मकान’ असंच लिहिलं होतं, मजला वेगळा केला नव्हता. वरच्या खोलीबद्दल दादा सांगत होता की ती त्याच्या पगाराची आहे, आणि मी त्यात खोल गेले नव्हते. आईनं नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर त्या दिवशी बहुतेक सगळं घर सुटलं असतं. खात्याकडे वरच्या खोलीचा वेगळा पुरावा नव्हता.

आई उठली, पदर सावरला. “नीचे का मेरा है साहब,” ती म्हणाली. “ऊपर की खोली लडके ने बांधी. उसमें मेरा एक पैसा नहीं.”

“लडके का पैसा कहाँ से आया?”

“वो उसको पूछो. मैं मेरा बता सकती.”

सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. तो मागच्या खुर्चीवर होता. पगार म्हणाला असता तर पगाराचे आकडे दाखवावे लागले असते, आणि त्या पगारात ती रंगीत फरशीसुद्धा बसत नव्हती. त्यानं पगाराचं नाव काढलं नाही. खात्याच्या वकिलांनी घाईघाईनं काहीतरी टिपून घेतलं.

परतीच्या गाडीत मला रडू येत होतं, राग येत होता. हातातलं घर असं अर्धं देऊन टाकायचं? मग आईनं डबा उघडला, आधी दादाला पोळी दिली आणि म्हणाली, “मी तुले फसवलं नाई रे बावा. तू पगार म्हटला असता अन् खरं असतं, तं मी तुया बाजूनं उभी राह्यली असती.”

“मले मालूम हाय, आई,” दादा म्हणाला.

निकाल डाकेनं आला. तळमजला जप्तीतून मोकळा: मालकिणीनं कमाईचा समाधानकारक खुलासा केला आहे. वरच्या मजल्याची जप्ती कायम. मी तो परिच्छेद इतक्या वेळा वाचला की आजही पाठ आहे. निकालात ‘खराब दर्जाच्या कापसाचा व्यापार’ असे शब्द होते. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी सरकारी कागदानं माझ्या आईला व्यापारी म्हटलं होतं. ती ओळ मी तिला दोनदा वाचून दाखवली. दादा अपिलात जाऊ शकत होता. गेला नाही. जिनिंगच्या खटल्यात त्यानं आपल्या वकिलाला सांगितलं की सह्या माझ्याच आहेत आणि त्याचे पैसेही मी घेतले आहेत. त्याचं जे व्हायचं ते तिथं होईल.

वरच्या खोलीचा ताबा घ्यायला नागपूरहून तीन माणसं आली, दोन पंच घेऊन. गल्लीत गर्दी जमली. वहिनीचे वडीलही आले होते, तोंड पाडून. त्या तिघांतल्या साहेबांनी हुकूम वाचला आणि ते बाजूच्या जिन्याकडे वळले. आई पहिल्या पायरीवर उभी होती.

“साहेब,” ती म्हणाली, “खोली तुमची. जिना माया हाय.”

साहेब थबकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निकालाची प्रत पुढं केली. जिना स्लॅबबरोबरचा, घरपट्टीत तळमजल्यात धरलेला, म्हणजे सुटलेल्या भागातला. साहेबांनी ते नीट वाचलं. कपाळावरचा घाम पुसला. “मग आम्ही वर जायचं कसं, बाई?”

“जा ना. मी कोठं अडवून राह्यली?” आई पायरीवरून बाजूला झाली. “फक्त चपला खाली काढा. कवडीचा जिना हाय तो, साफ ठेवला हाय मी.”

ती हे वहिनीच्या वडिलांच्या देखत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. साहेबांनी वाकून बुटांच्या लेस सोडल्या. त्यांच्या माणसांनी बूट काढले, पंचांनी चपला काढल्या. दादानंही काढल्या, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडून द्यायला त्या सगळ्यांच्या पुढं तो जिना चढू लागला.